गोळी किती आणि घरी कधी? व्यसनमुक्ती क्लिनिकमध्ये नवीन आलेल्या काउन्सेलरसाठी

आपल्या सांगली-मिरज भागात क्लिनिकला नवीन काउन्सेलर जॉईन झाला की पहिल्या आठवड्यात त्याला दोन प्रश्न हमखास येतात. एक पेशंटचा, "मॅडम, गोळी वाढवून द्या." दुसरा पेशंटच्या बायकोचा किंवा आईचा, "रोज रोज कुठं यायचं, महिनाभराची एकदम देऊन टाका की." दोन्हीचं उत्तर डॉक्टर देणार हे खरं आहे, पण डॉक्टर ज्या माहितीवर ते उत्तर देतात ती माहिती आपण काढून आणायची असते, आणि ती अर्धवट आणली तर डोसही चुकतो आणि घरी दिलेल्या गोळ्याही चुकीच्या हातात जातात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. गर्द-अफूची सवय सोडवायला देतात त्या फक्त बुप्रेनॉर्फिनच्या गोळीबद्दल लिहिणार आहे कारण आपल्याकडं बहुतेक पेशंट त्याच्यावरच असतात. मेथाडोन हे वेगळं औषध आहे, सिरप असतं, त्याचे धोके वेगळे आणि त्याचे नियम जास्त कडक, ते इथल्या माहितीवरनं चालवू नका.

आधी गोळी काय करते ते समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. गर्द, अफू, टॅपेंटाडॉल, ट्रामाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध, हे सगळं मेंदूत एकाच प्रकारच्या जागेवर जाऊन बसतं. बुप्रेनॉर्फिन पण तिथंच बसतं. पण त्याच्यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एकतर ते त्या जागेला फार घट्ट धरतं, एसटीत कुणी आधीच बसलेल्याला उठवून स्वतः खिडकीची सीट धरावी आणि मग स्टँड येईपर्यंत उठूच नये तसं. आणि दुसरं म्हणजे बसल्यावर ते गर्दइतका जोर लावत नाही, अर्धाच लावतं. त्यामुळं टर्की, म्हणजे माल बंद झाल्यावर अंगाला होणारा त्रास, थांबते, तलफ कमी होते, पण नशा तशी चढत नाही, आणि एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वासावरचा परिणाम त्या प्रमाणात वाढत जात नाही. म्हणून मोठ्या माणसाला, ज्याला सवय आहे त्याला, हे औषध गर्दपेक्षा खूप सुरक्षित. पण त्यात दारू किंवा झोपेच्या गोळ्या मिसळल्या की ही सुरक्षितता जाते, आणि लहान मुलाच्या बाबतीत ती नसतेच. हे वाक्य पुढं परत लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता घट्ट धरतं आणि अर्धा जोर लावतं या दोन गोष्टी एकत्र केल्या की पहिल्या दिवसाचा सगळ्यात मोठा धोका कळतो. पेशंटच्या अंगात गर्द भरलेलं असताना गोळी दिली तर ती गर्दला उठवते आणि स्वतः बसते, म्हणजे पूर्ण जोरावरनं एकदम अर्ध्या जोरावर. पेशंटला अर्ध्या-पाऊण तासात अशी टर्की लागते की नुसती नाही लागत तशी. उलट्या, जुलाब, अंग थरथरणं, घाम, आणि प्रचंड भीती. आणि मग तो पेशंट बाहेर जाऊन दहा जणांना सांगतो की तिथं जाऊ नका, तिथली गोळी जीव घेते. एवढ्यासाठी पहिली गोळी टर्की सुरू झाल्यावरच द्यायची असते. साधारण हिशोब असा की गर्दसारख्या कमी वेळ टिकणाऱ्या मालानंतर ८ ते १२ तास तरी गेले पाहिजेत, जास्त वेळ टिकणारं काही घेतलं असेल तर त्याहून जास्त, आणि तासांच्या जोडीला अंगावर लक्षणं दिसली पाहिजेत. लक्षणं मोजायला काऊज नावाची ११ मुद्द्यांची यादी आहे, नाडी, घाम, बाहुल्या, जांभया, अंगावर काटा, नाक गळणं, हाडं दुखणं, पोट, थरथर, बेचैनी, चिडचिड. प्रत्येकाला मार्क. ५ ते १२ म्हणजे सौम्य, १३ ते २४ म्हणजे मध्यम. आमच्याकडं डॉक्टर शक्यतो १० ते १२ च्या आसपास पोचल्याशिवाय पहिली गोळी देत नाहीत.

एक केस घेऊन चालते, म्हणजे सगळं एका धाग्यात येईल. दोन-तीन पेशंटच्या गोष्टी एकत्र करून केलीय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. तिशीतला टेम्पो ड्रायव्हर, तासगावकडनं द्राक्षं भरून वाशी मार्केटला जाणारा. नवी मुंबईत माल उतरवताना कुणीतरी पन्नीवर गर्द ओढायला शिकवलं, चार वर्षं झाली, आता दिवसातनं तीन-चार वेळा. माल नसला की मेडिकलमधनं टॅपेंटाडॉल. सकाळी दहाला बायकोबरोबर आला. शेवटचं कधी घेतलं विचारलं तर म्हणतो, "काल रात्री नऊला." म्हणजे तेरा तास झाले. कागदावर बरोबर बसतं. पण त्याच्या डोळ्याच्या बाहुल्या बारीक टाचणीएवढ्या, एकही जांभई नाही, नाक कोरडं, निवांत बसलाय. तेरा तासांनी गर्दवाल्याच्या बाहुल्या मोठ्या व्हायला पाहिजेत. म्हणजे तासांचा हिशोब आणि अंग यांचं जुळत नव्हतं, आणि असं झालं की नेहमी अंगावर विश्वास ठेवा.

अशा वेळी "खोटं बोलताय का" असं विचारायचं नाही. त्याला खरं सांगितलं की गोळी मिळणार नाही अशी भीती असते, म्हणून तो वेळ मागं ढकलतो. त्याला आधी हे कळलं पाहिजे की खरं सांगितलं तरी गोळी आजच मिळणार आहे, फक्त थोडी उशिरा, आणि उशीर का ते. मी साधारण असं बोलते, "दादा, आज गोळी मिळणारच आहे, ते पक्कं. पण माल अंगात असताना दिली तर तुम्हालाच जास्त त्रास होईल, आत्ता आहे त्याच्या दुप्पट. तुम्ही खरी वेळ सांगा, मी त्याप्रमाणं डॉक्टरांना सांगते, तुम्ही इथंच बसा." मग तो म्हणाला, पहाटे साडेपाचला संडासात थोडं ओढलं. टॅपेंटाडॉल? ती दोन दिवसांत नाही. बरं.

मग त्याला बसवून ठेवलं. दुपारी एकला स्कोअर ५. दोनला ७. साडेतीनला नाक गळायला लागलं, जांभया सुरू, पाय हलवत बसलेला, स्कोअर १२. म्हणजे साडेपाचपासनं दहा तास. तेव्हा डॉक्टरांनी २ मिलिग्रॅमची एक गोळी जिभेखाली दिली. तासाभरानं स्कोअर ७ वर आला, वाढला नाही, म्हणजे गोळी योग्य वेळी पडली. अजून २ दिले. पहिल्या दिवसाचे एकूण ४ मिलिग्रॅम. पहिल्या दिवशी ८ च्या वर सहसा जात नाहीत.

इथं गोळी घ्यायची पद्धत सांगायलाच पाहिजे कारण अर्धे "डोस पुरत नाही" हे खरं म्हणजे डोसचे नसतातच. ही गोळी गिळायची नाही. गिळली तर पोटातनं लिव्हरकडं जाते आणि तिथंच बहुतेक सगळी मोडते, रक्तात फार थोडी पोचते. जिभेखाली ठेवायची, ५ ते १० मिनिटं, पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. तोंड कोरडं असेल तर आधी दोन घोट पाणी. आणि आपल्या भागातला खास प्रॉब्लेम म्हणजे मावा. तोंडात मावा असताना किंवा नुकताच थुंकून आलेला माणूस गोळी ठेवतो, लाळ सुटलेली असते, चुन्यानं तोंड भाजलेलं असतं, गोळी लाळेबरोबर पोटात जाते आणि मग संध्याकाळी म्हणतो पुरत नाही. आमचा नियम, गोळीच्या आधी अर्धा तास मावा, तंबाखू, चहा काही नाही, चूळ भरून यायचं. गोळी विरघळल्यावर पाण्यानं खळखळून चूळ भरून ते पाणी गिळायचं आणि ब्रश मात्र तासाभरानंतर करायचा, कारण या गोळीनं दात खराब व्हायच्या तक्रारी येतात. तर डोस वाढवायची मागणी आली की पहिला प्रश्न, गोळी माझ्यासमोर घेऊन दाखवा. त्यातच बरंच कळतं.

आता डोस बसवणं, म्हणजे स्टॅबिलाइझ करणं. यातला एकच प्रश्न खरा महत्त्वाचा, आजची गोळी उद्याच्या गोळीपर्यंत पोचते का. चोवीस तास. बाकी सगळे प्रश्न याच्या भोवती. पेशंट नुसतं "त्रास होतोय" म्हणतो, आपण घड्याळ लावून विचारायचं. त्रास किती वाजता सुरू होतो, गोळीनंतर किती वेळानं. याच्यावरनं तीन वेगवेगळी चित्रं निघतात.

गोळीनंतर तासाभरात त्रास सुरू झाला, आणि तो पहिल्या एक-दोन दिवसांत असेल, तर आधी सांगितलेली लवकर दिलेल्या गोळीची टर्की असू शकते, ताबडतोब डॉक्टर. गोळीनंतर एक-दोन तासांनी पेंगतोय, बोलताना शब्द जड येतायत, बसल्या बसल्या डोळे मिटतायत, तर एकतर डोस जास्त आहे किंवा सोबत दारू किंवा झोपेची गोळी पडलीय, अशा वेळी पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांनी बघायलाच पाहिजे, आणि त्याला गाडीवर घरी पाठवायचं नाही. आणि तिसरं, सकाळी नऊला घेतलेली गोळी, दिवस छान गेला, पण पहाटे दोन-तीनला पाय दुखायला लागतात, घाम, जांभया, पोटात गोळा, ते सकाळच्या गोळीपर्यंत. हा कमी डोस. त्रास डोसच्या शेपटाला येतो.

आपल्या ड्रायव्हरचं हे तिसरं चित्र होतं. दुसऱ्या दिवशी ८ मिलिग्रॅम केले. चौथ्या दिवशी विचारलं तर त्रास पहाटे दोनला सुरू होत होता. सहाव्या दिवशी चारला. बघा, डोस तोच पण त्रास दोन तास पुढं सरकला. का? कारण हे औषध अंगातनं हळू निघतं, एका डोसचा अर्धा भाग जायला साधारण एक ते दीड दिवस लागतो, त्यामुळं रोज घेतलं की आदल्या दिवशीचं थोडं शिल्लक राहतं आणि पातळी आपोआप चढत जाते, पाच-सात दिवसांनी स्थिर होते. म्हणून रोज रोज डोस हलवायचा नसतो. हे पेशंटला समजावणं काउन्सेलरचं काम, "आजच्या डोसचा खरा जोर तुम्हाला तीन-चार दिवसांनी कळेल."

पण सहाव्या दिवशी अजून एक गोष्ट त्यानं सांगितली, आदल्या संध्याकाळी एक पन्नी ओढली. मी विचारलं, चढली का? म्हणाला, "अर्धवट. आधीसारखं नाही." हे फार कामाचं उत्तर असतं. डोस पुरेसा असला की वरनं घेतलेलं गर्द चढत नाही कारण जागा भरलेल्या असतात. अर्धवट चढतंय म्हणजे जागा अजून मोकळ्या आहेत. पहाटेचा त्रास, संध्याकाळची तलफ आणि अर्धवट चढलेली पन्नी, या तीन गोष्टी मी डॉक्टरांना एकत्र सांगितल्या आणि त्यांनी ८ वरनं १२ केले. दहाव्या दिवशी रात्र सलग गेली, सकाळी नऊपर्यंत काही नाही. बऱ्याच लोकांचा डोस ८ ते १६ च्या मधे बसतो, काहींचा खाली, काहींना वर लागतो. आकड्यावरनं माणसाला मोजू नका. "एवढा मोठा डोस" असं पेशंटसमोर म्हणू तर अजिबात नका, कारण मग तो लाजेखातर कमी सांगतो, गुपचूप गर्द चालू ठेवतो आणि आपल्याला वाटतं ट्रीटमेंट छान चाललीय. कमी डोसवर अडकवून ठेवलेला पेशंट सोडून जातो, हे आम्ही परत परत बघितलंय.

झोपेचं मात्र वेगळं ठेवा. रात्री झोप लागत नाही एवढ्यावरनं डोस वाढवायची घाई नको. गर्द सोडलेल्या माणसाची झोप काही आठवडे बिघडलेलीच राहते. पाय दुखतायत का, घाम, जांभया आहेत का, की नुसता जागा असतो? नुसता जागा असेल तर डोसचा संबंध कमी. आणि घाम सुद्धा फसवतो, कारण बुप्रेनॉर्फिनचाच साइड इफेक्ट घाम आणि बद्धकोष्ठ असतो. बद्धकोष्ठ आहे आणि घाम आहे तर तो औषधाचा, जुलाब आहेत, नाक गळतंय आणि घाम आहे तर तो टर्कीचा, असा ढोबळ फरक. झोपेसाठी पेशंट स्वतःहून मेडिकलमधनं अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपाम आणतात, ते दरवेळी विचारायचं, नाव घेऊन विचारायचं. "दुसरं काही घेता का" असं विचारलं तर उत्तर नाही असंच येतं.

बाराव्या दिवशी ड्रायव्हरच्या बायकोनं विचारलं, आता घरी गोळ्या मिळतील का, कारण द्राक्षाचा सीझन आहे, मालक दुसरा ड्रायव्हर बघायला लागलाय. डोस बसेपर्यंत डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती, आणि ते योग्यच होतं, पण घरात दुसरं उत्पन्न नाही. इथं नवीन काउन्सेलर दोन टोकं गाठतात, एकतर कळवळून लगेच द्या म्हणतात, नाहीतर नियम म्हणजे नियम. दोन्ही नको. घरी गोळी देणं हे बक्षीस नाही, दया पण नाही. तो औषधाचाच भाग आहे आणि त्याला अटी आहेत, त्या अटी का आहेत हे माहीत असलं की निर्णय सोपा होतो.

पहिली अट, घरी द्यायची ती बुप्रेनॉर्फिन-नालोक्झोन एकत्र असलेलीच गोळी, २ मिलिग्रॅमला अर्धा मिलिग्रॅम नालोक्झोन. नुसती बुप्रेनॉर्फिनची गोळी क्लिनिकमध्ये आपल्यासमोरच. नालोक्झोन जिभेखालनं फारसं रक्तात जात नाही, म्हणून नीट घेणाऱ्याला त्याचा काही त्रास नाही. पण कुणी गोळी विरघळवून सुईनं मारली तर ते सरळ रक्तात जातं आणि टर्की लावतं. सुईनं वापरायची इच्छा त्यानं कमी होते. पण पूर्ण थांबत नाही, आणि जिभेखाली दुसऱ्यानं घेतली तर नालोक्झोन काहीच अडवत नाही, हे पण लक्षात असू द्या.

दुसरी अट, डोस बसलेला पाहिजे. चोवीस तास टिकत नसलेल्या डोसवर घरी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या तर तो पहिल्या दोन दिवसांतच तीन दिवसांच्या खाणार. त्यात त्याचा लबाडपणा नसतो, पहाटे दोनला पाय फिरत असतील आणि उशाशी गोळ्या असतील तर कुणीही घेईल. म्हणून मी म्हणते की डोस आणि घरी देणं हे दोन वेगळे विषय नाहीतच.

तिसरी अट लघवीची टेस्ट, आणि इथं फार गल्लत होते. साधी ओपिएटची पट्टी मॉर्फिन शोधते, म्हणजे गर्द, अफू, कोडीन सापडतं. टॅपेंटाडॉल आणि ट्रामाडॉल त्या पट्टीवर साधारणपणे दिसत नाहीत. बुप्रेनॉर्फिन पण दिसत नाही, त्याची वेगळी पट्टी असते. म्हणजे पट्टी निगेटिव्ह आली तर "क्लीन आहे" असं लिहू नका, "मॉर्फिन गट निगेटिव्ह" लिहा. आणि घरी गोळ्या नेणाऱ्याची बुप्रेनॉर्फिन पट्टी केली आणि ती निगेटिव्ह आली, तर मग गोळ्या कुठं जातायत हा प्रश्न उभा राहतो. पट्टी म्हणजे पुरावा नाही, बोलणं सुरू करायचं निमित्त आहे.

चौथी अट घर. मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरात लहान मूल आहे का, हे विचारल्याशिवाय एकही गोळी घरी जाता कामा नये. मोठ्याला जी मर्यादा वाचवते ती मुलाला वाचवत नाही, २ मिलिग्रॅमच्या एका गोळीनं सुद्धा लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो, आणि तोंडात घेऊन थुंकली तरी तोंडातनंच ती शोषली गेलेली असते. म्हणून कुलपाची पेटी, बाजारात मिळते ती छोटी लोखंडी चालेल, किल्ली घरातल्या एका जबाबदार माणसाकडं. देव्हाऱ्यात नाही, फ्रीजवर नाही, बायकोच्या पर्समध्ये नाही, शर्टाच्या खिशात तर नाहीच. आणि बाहेर काढलेली गोळी लगेच तोंडात, टेबलावर ठेवून अंघोळीला जायचं नाही. मुलानं घेतली अशी शंका जरी आली तरी वाट बघत बसायचं नाही, उलटी करवायची नाही, १०८ ला फोन आणि जवळच्या हॉस्पिटलला, सोबत गोळीची पट्टी न्यायची. मूल बरं दिसतंय म्हणून घरी थांबू नका, कारण परिणाम उशिरा आणि लांब चालतो. हे मी घरच्यांकडनं परत म्हणवून घेते.

ड्रायव्हरला पाच वर्षांची मुलगी. पेटी आणली, बायकोनं आम्हाला फोटो दाखवला. मॉर्फिन पट्टी दोनदा निगेटिव्ह, नाव घेऊन विचारल्यावर टॅपेंटाडॉल नाही, दारू नाही. डॉक्टरांनी तिसऱ्या आठवड्यात गाडी चालवायची परवानगी दिली आणि दोन दिवसांच्या गोळ्या, म्हणजे वाशीची एक खेप. आमच्याकडं आधी दोन-तीन दिवस, ते काही आठवडे नीट गेलं की आठवडा, आणि पुढं फार तर दोन आठवडे, असं चढत जातं. तुमच्या क्लिनिकचा लिहिलेला नियम वेगळा असेल तर तोच पाळा. सोबत डोसचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन, गोळ्या मूळ पट्टीतच, कारण हे औषध अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं आणि हायवेला नाकाबंदी लागते. तासवडे टोलनाक्याच्या पुढं पोलिसांनी डॅशबोर्ड उघडला आणि सुट्ट्या गोळ्या सापडल्या तर पत्राशिवाय त्याला समजावणं अवघड जाईल. आणि परत येताना रिकाम्या पट्ट्या घेऊन यायच्या, आम्ही मोजतो.

दुसऱ्या महिन्यात एकदा परत आला तेव्हा दोन गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीचा हिशोब लागेना. म्हणाला हरवल्या. बायको बाजूला म्हणाली, "वाशीला याच्या मित्राला दिल्या म्हणं." मग त्यानंच सांगितलं. दुसरा ड्रायव्हर टर्कीत होता असं याला वाटलं, दया आली, दोन गोळ्या दिल्या. पण त्या मित्रानं दीड-दोन तासापूर्वीच ओढलेलं होतं, सांगितलं नव्हतं. पाऊण तासात तो गाडीखाली आडवा, उलट्या, जुलाब, याला वाटलं मेला. त्या मित्राला कुणी डॉक्टरनं बघितलं नव्हतं, काऊज स्कोअर कुणी घेतला नव्हता. आमच्या ड्रायव्हरला तेव्हा, आपल्याला पहिल्या दिवशी दुपारी साडेतीनपर्यंत का बसवून ठेवलं होतं ते नीट कळलं. दुसऱ्याला गोळी देऊ नका हा नियम सांगताना मी आता ही गोष्ट सांगते, कायद्याची भीती घालण्यापेक्षा ती जास्त लागू पडते.

मग काय केलं? घरी गोळ्या देणं बंद, दोन आठवडे रोज येऊन आमच्यासमोर. पण डोस १२ चा १२. हे दोन वेगळे ठेवायचे. गोळ्या वाटल्या म्हणून डोस कमी करणं किंवा ट्रीटमेंटमधनं काढून टाकणं म्हणजे त्याला परत पन्नीकडं पाठवणं, आणि आता त्याची गर्दची सवय कमी झालेली असते, त्यामुळं जुन्या मापानं ओढलं किंवा मारलं तर जिवावर बेतू शकतं. घरी नेण्याचे दिवस कमी करा, औषध कमी करू नका. मालकाला फोन करायचा का विचारलं, तो नको म्हणाला, त्याचा निर्णय. त्यानं स्वतःच दोन आठवडे मिरज-कोल्हापूरच्या खेपा मागून घेतल्या, सकाळी नऊला क्लिनिकला येऊन जायचा. वाशीच्या मित्राला तिथल्या जवळच्या सरकारी सेंटरला जायला सांगितलं.

खाडे झालेल्या दिवसांबद्दल थोडक्यात. एक-दोन दिवस चुकले तर बहुतेक वेळा तोच डोस परत सुरू होतो, चुकलेल्या दिवसाची गोळी वाढवून घ्यायची नाही. चार-पाच दिवस किंवा जास्त झाले तर न विचारता जुना डोस देऊ नका, त्या मधल्या दिवसांत त्यानं काय घेतलं ते आधी काढा, कारण तो परत गर्दवर गेला असेल तर आपण परत पहिल्या दिवसावर आलो, बाहुल्या, स्कोअर, वाट बघणं, सगळं. पेशंट फोनवर म्हणेल "माझ्याकडं घरी चार गोळ्या शिल्लक आहेत, घेऊ का?" तर फोनवर हो म्हणू नका. शेवटचं काय आणि कधी घेतलं ते विचारा, आणि क्लिनिकला बोलवा.

घरचे हमखास विचारतात, ही गोळी बंद कधी. वाढीव उत्तर देऊ नका, तारीख तर देऊच नका. मी सांगते की डोस बसायला आठवडे लागतात, आयुष्य बसायला महिने लागतात, आणि घाईनं बंद केलेले बहुतेक लोक परत गर्दकडं जातात. बंद करायचं ठरलं तरी ते पेशंट आणि डॉक्टर मिळून, हळूहळू, आणि मधे त्रास झाला तर परत वर जायची मुभा ठेवून.

आणि शेवटचं, रजिस्टर. रोजच्या नोंदीत "पेशंट ठीक" असं लिहिलेलं डॉक्टरांना काहीच सांगत नाही. गोळी किती वाजता घेतली, तोंड बघितलं का, त्रास किती वाजता सुरू झाला, वरनं काही घेतलं का आणि चढलं का, झोपेची गोळी, दारू, रिकाम्या पट्ट्या किती परत आल्या. सात गोष्टी, दोन ओळी. ड्रायव्हरच्या केसमध्ये "पहाटे दोन" आणि "पहाटे चार" असं दोन दिवसांचं लिहिलेलं होतं म्हणून डोसचं कळलं, नुसतं "रात्री त्रास" लिहिलं असतं तर ते दोन दिवस सारखेच दिसले असते.